दिलेले आणि दिसलेले

भूमितीच्या प्रश्नातल्या आकृतीखाली कधी कधी बारीक अक्षरांत एक सूचना असते : ‘आकृती मापानुसार काढलेली नाही.’ म्हणजे आकृतीत लांब दिसणारी बाजू प्रत्यक्षात आखूड असू शकते, काटकोनासारखा दिसणारा कोन ८० अंशांचा असू शकतो आणि समांतर वाटणाऱ्या दोन रेषा पुढे जाऊन एकमेकींना छेदू शकतात. परीक्षेगणिक यासंबंधीचा नियम बदलतो. अमेरिकेतल्या एसएटी परीक्षेत वेगळे काही लिहिलेले नसेल, तर आकृती मापानुसारच आहे असे धरायचे असते. जीआरई या परीक्षेत नियम उलटा आहे. तिथे आलेख मापानुसार असतात, पण त्रिकोण, चौकोन, वर्तुळे यांच्या आकृत्या तशा असतीलच असे नाही, हे परीक्षेच्या सर्वसाधारण सूचनांतच सांगितलेले असते.

या सूचनेचा अर्थ आकृती पूर्णपणे निरुपयोगी आहे, असा होत नाही. कोणत्याही भौमितिक आकृतीत दोन प्रकारची माहिती असते. एक मापांची : बाजूची लांबी, कोनाचे अंश, क्षेत्रफळ, आणि त्यांच्याशी जोडलेले लंब, समांतर, समान हे संबंध. दुसरी स्थानांची : रेषा सरळ आहे, हा बिंदू त्या दोन बिंदूंच्या मध्ये आहे, अमुक बिंदू त्रिकोणाच्या आत आहे, या दोन रेषा याच ठिकाणी छेदतात. ‘मापानुसार नाही’ या शब्दांनी पहिल्या प्रकारची माहिती काढून घेतली जाते, दुसऱ्या प्रकारची बहुधा शिल्लक राहते. सरळ दिसणारी रेषा सरळच आहे आणि बिंदू दाखवलेल्या क्रमानेच आहेत, असे मानायची मुभा जीआरईच्या सूचनांत स्पष्ट दिलेली आहे. मापांसाठी मात्र खुणा लागतात. काटकोनात छोटा चौकोन काढलेला असेल तर तो काटकोन, दोन बाजूंवर सारख्या आडव्या रेघा असतील तर त्या समान, दोन रेषांवर बाणांच्या खुणा असतील तर त्या समांतर. खूण नसेल आणि शब्दांतही सांगितलेले नसेल, तर ते दिलेले नाही.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे आकृती अचूक काढायची. माप बरोबर घेतले की डोळ्यांवर विश्वास ठेवायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती एका साध्या त्रिकोणात दिसते. बाजू ८, ९ आणि १२ सेंमी घेऊन पट्टी आणि कंपासने त्रिकोण काढावा. ८ आणि ९ या बाजूंमधला कोन गुण्याने पाहिला तर तो काटकोनच वाटेल. पण ८ चा वर्ग ६४, ९ चा वर्ग ८१, बेरीज १४५. आणि १२ चा वर्ग १४४. काटकोन असता तर हे दोन आकडे सारखे आले असते. ते एकाने चुकतात. पायथागोरसच्या प्रमेयाच्या व्यत्यासाचा आधार इथे मिळत नाही आणि कोन काटकोनापेक्षा थोडासा लहान, सुमारे ८९.६ अंशांचा निघतो. क्षेत्रफळ ३६ ऐवजी ३५.९९९ चौरस सेंमी येते. पेन्सिलीच्या रेघेची जाडी, कंपासच्या टोकाचे छिद्र, गुण्यावरचे अर्ध्या अंशाचे अंतर यांत हा फरक पार बुडून जातो. म्हणून ‘हा त्रिकोण काटकोन त्रिकोण आहे का?’ या प्रश्नाला अचूक काढलेली आकृतीही उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर १४५ आणि १४४ या दोन आकड्यांत आहे.

असाच बारीक फरक एका जुन्या आणि प्रसिद्ध कोड्याच्या मुळाशी आहे. जर्मन गणिती ऑस्कर श्लोमिल्श यांनी ते १८६८ साली छापले होते. बाजू ८ असलेला, ६४ चौकटींचा चौरस घ्यायचा. त्याचे ८ बाय ५ आणि ८ बाय ३ असे दोन आयत करायचे. लहान आयत कर्णावर कापून दोन काटकोन त्रिकोण मिळवायचे. त्यांच्या काटकोनाच्या बाजू ८ आणि ३. मोठा आयत एका तिरक्या रेषेने कापून दोन सारखे समलंब चौकोन करायचे. त्यांच्या समांतर बाजू ५ आणि ३, आणि त्या बाजूंमधले अंतर ५. हे चार तुकडे वेगळ्या तऱ्हेने जुळवले की १३ बाय ५ चा आयत तयार होतो. त्याच्या चौकटी ६५. एक चौकट कुठून तरी जास्तीची आली!

कागद कापून हे करून पाहिले तर कर्णावर सगळे तुकडे नीट बसल्यासारखे दिसतात. पण त्रिकोणाची तिरकी बाजू ८ चौकटी आडवे गेल्यावर ३ चौकटी वर चढते, आणि समलंब चौकोनाची तिरकी बाजू ५ चौकटी आडवे गेल्यावर २ चौकटी वर चढते. पहिल्या बाजूचा चढ ०.३७५, दुसरीचा ०.४. हे चढ वेगळे असल्यामुळे त्या दोन बाजू मिळून एक सरळ रेषा होऊच शकत नाही. कर्णाच्या जागी एक लांबलचक, अत्यंत चिंचोळा समांतरभुज चौकोन रिकामा राहतो आणि त्याचे क्षेत्रफळ बरोबर १ चौकट असते. चौकटीची बाजू १ सेंमी घेतली तर ही फट सुमारे १४ सेंमी लांब असते, पण जिथे ती सर्वांत रुंद असते तिथेही तिची रुंदी १.२ मिलिमीटरच्या आसपासच भरते. कात्रीने कापलेल्या पुठ्ठ्यात एवढी फट कोणाच्याही लक्षात येत नाही. इथे डोळ्यांनी मापात चूक केली, एवढेच घडलेले नाही. तुटक रेषा सरळ आहे असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले, आणि ‘रेषा सरळ आहे’ ही तर स्थानांबद्दलची, बहुधा विश्वसनीय मानली जाणारी माहिती.

आकृती फसवते ते दर वेळी अशा सूक्ष्म फरकामुळेच असे नाही. पुष्कळदा आकृतीत काही चुकलेले नसते, ती फक्त अनेक शक्यतांपैकी एकच दाखवत असते. समजा, एका त्रिकोणाच्या दोन बाजू ६ आणि ८ दिल्या आहेत. आकृतीत त्यांच्यामधला कोन काटकोनासारखा दिसतो, आणि क्षेत्रफळ २४ पेक्षा कमी आहे, जास्त आहे की २४ च आहे, असे विचारले आहे. आकृती पाहणारा ६ आणि ८ चा गुणाकार करून त्याचे अर्धे करतो आणि २४ लिहितो. पण कोन दिलेला नाही. ६ आणि ८ लांबीच्या दोन काड्या एका टोकाला बिजागरीने जोडल्या आहेत अशी कल्पना केली, तर त्या मिटल्या की क्षेत्रफळ शून्याकडे जाते, उघडत गेल्या की वाढते, काटकोनात नेमके २४ होते आणि आणखी उघडल्या की पुन्हा घटू लागते. त्यामुळे क्षेत्रफळ २४ पेक्षा जास्त होऊ शकत नाही, एवढेच खात्रीने म्हणता येते. ते २४ आहे की त्याहून कमी, हे दिलेल्या माहितीवरून ठरत नाही. जीआरईत दोन राशींची तुलना करायला सांगणारे जे प्रश्न असतात, त्यांत ‘दिलेल्या माहितीवरून संबंध ठरवता येत नाही’ हा पर्याय कायम असतो. काटकोनासारखी दिसणारी आकृती मुद्दाम देण्यामागे हाच पर्याय कोणाला ओळखता येतो, हे पाहण्याचा हेतू असतो.

आता याच त्रिकोणाचे क्षेत्रफळ १२ आहे असे दिले आणि तिसरी बाजू विचारली, तर चुकीची जागा बदलते. ६ आणि ८ यांच्यामधल्या कोनाचे साइन गुणोत्तर अर्धे येते. आकृतीत तो कोन अरुंद काढलेला असेल तर विद्यार्थी तो ३० अंशांचा मानतो आणि तिसरी बाजू सुमारे ४.१ काढतो. यात गणिताची चूक काहीच नाही. पण १५० अंशांच्या कोनाचे साइन गुणोत्तरही अर्धेच असते, आणि त्या त्रिकोणाचे क्षेत्रफळही १२ च येते. त्याची तिसरी बाजू मात्र सुमारे १३.५ आहे. एकाच माहितीला साजेसे दोन त्रिकोण आहेत, त्यांतला एकच कागदावर आहे, आणि कागदावर नसलेला त्रिकोण मनातही येत नाही. प्रश्नाबरोबर आकृती दिली नसती तर कदाचित दोन्ही सुचले असते. छापलेली आकृती खोटे बोलत नाही, तरी ती उरलेल्या शक्यता झाकून टाकते, आणि हे झाकणे खोट्यापेक्षा ओळखायला कठीण आहे.

आता उरतो तो सर्वांत खोल सापळा. वर म्हटल्याप्रमाणे मापांवर विश्वास ठेवायचा नाही, पण बिंदूंचा क्रम, आतबाहेर या गोष्टी आकृतीतून घ्यायला हरकत नाही, असा सर्वसाधारण संकेत आहे. परीक्षक आकृती देतो तेव्हा हा संकेत चालतो, कारण क्रम बरोबर असल्याची हमी त्याने घेतलेली असते. सिद्धता लिहिताना आपण स्वतः आकृती काढतो, नवे बिंदू आणि रेषा जोडतो, तेव्हा अशी हमी कोणीच देत नाही. त्यातून काय होऊ शकते याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो’ ही खोटी सिद्धता. इंग्रज गणिती राउज बॉल यांनी मनोरंजक गणितावरच्या आपल्या पुस्तकात १८९२ साली ती दिली आणि तेव्हापासून ती भूमितीच्या अभ्यासकांना भेटत आली आहे.

सिद्धता अशी. अबक हा कोणताही त्रिकोण घ्या. अ या कोनाचा दुभाजक काढा आणि बक या बाजूचा लंबदुभाजक काढा. त्या दोन रेषा जिथे मिळतात त्या बिंदूला प म्हणा. आकृतीत प त्रिकोणाच्या आत, मध्याच्या आसपास दाखवायचा. प पासून अब या बाजूवर पम आणि अक या बाजूवर पन असे लंब टाका. आता अमप आणि अनप हे दोन त्रिकोण पाहा. अ पाशी दुभाजकामुळे दोन्ही कोन सारखे, म आणि न पाशी काटकोन, आणि अप ही बाजू सामाईक. कोकोबा कसोटीने ते एकरूप आहेत. म्हणून अम आणि अन सारखे, पम आणि पन सारखे. पुढे, प हा बक च्या लंबदुभाजकावर असल्यामुळे पब आणि पक सारखे. मग पमब आणि पनक या काटकोन त्रिकोणांत कर्ण सारखे आणि एकेक भुजा सारखी, म्हणून कर्णभुजा कसोटीने तेही एकरूप, आणि मब व नक सारखे. आता बेरीज करा. अम अधिक मब म्हणजे अब, अन अधिक नक म्हणजे अक. सारख्यात सारखे मिळवले, म्हणून अब आणि अक सारखे. त्रिकोण समद्विभुज झाला, आणि त्रिकोण कोणताही घेतला होता.

निष्कर्ष उघडच खोटा आहे, पण पायऱ्या एकेक करून तपासल्या तर प्रत्येकीला आधार सापडतो. म्हणून ही सिद्धता अंकांनी तपासावी. आलेख कागदावर ब पाशी काटकोन घेऊन अब ६, बक ८ आणि अक १० असा त्रिकोण काढू. ब हा आरंभबिंदू, बक आडवी, अब उभी. कोनदुभाजकाच्या प्रमेयानुसार अ चा दुभाजक बक ला ६ आणि १० या प्रमाणात छेदतो, म्हणजे ब पासून ३ अंतरावर. तो ३ आडवे जाताना ६ खाली उतरतो. बक चा लंबदुभाजक ब पासून ४ अंतरावरून जातो. तिथे पोहोचेपर्यंत कोनदुभाजक ८ खाली उतरलेला असतो, म्हणजे बक च्याही २ खाली. म्हणून प हा बिंदू त्रिकोणाच्या बाहेर, बक च्या पलीकडच्या बाजूला आहे. ‘मध्याच्या आसपास’ काढलेला प चुकीचा होता.

अनेकजण इथेच थांबतात आणि दोष सापडला असे मानतात. तो पुरता सापडलेला नाही. प बाहेर असला तरी सिद्धता मोडतेच असे नाही. म आणि न हे दोन्ही लंबपाद जर बाजूंच्या वाढवलेल्या भागावर, म्हणजे ब आणि क च्या पलीकडे पडले असते, तर बेरजेऐवजी वजाबाकी करून पुन्हा अब आणि अक सारखेच आले असते. म्हणून खरा प्रश्न म आणि न कुठे पडतात हा आहे.

याच त्रिकोणात पाहू. प पासून अब वर टाकलेला लंब अब वर पडतच नाही. तो ब च्या खाली २ अंतरावर, वाढवलेल्या भागावर पडतो. म्हणजे अम ८ आणि मब २. अक वर टाकलेला लंब मात्र बाजूच्या आतच पडतो. अन ८ आणि नक २. पम आणि पन दोन्ही ४ येतात. पब आणि पक हेही सारखे निघतात, दोन्हींचा वर्ग २०. सिद्धतेतली प्रत्येक एकरूपता इथे खरी आहे. अम आणि अन सारखे, मब आणि नक सारखे, सगळे बरोबर. फक्त अक ही ८ आणि २ ची बेरीज आहे, तर अब ही ८ मधून २ वजा करून येते. १० आणि ६. बेरजेची ती एक ओळ सोडली तर सिद्धतेत दोष नाही, आणि त्या ओळीला आकृतीवाचून दुसरा आधार नव्हता. ‘अम अधिक मब म्हणजे अब’ हे म हा अ आणि ब यांच्या मध्ये असेल तरच खरे. तो मध्ये आहे हे कोणी सिद्ध केले नव्हते. तसे दिसत होते, एवढेच.

हा योगायोग केवळ ६, ८, १० या त्रिकोणापुरता नाही. अब आणि अक असमान असतील तेव्हा प नेहमी त्रिकोणाच्या परिवर्तुळावर, बक च्या पलीकडच्या कंसाच्या मध्यावर असतो. म्हणून अबपक हा चक्रीय चौकोन होतो आणि त्याच्या ब व क पाशी असलेल्या संमुख कोनांची बेरीज १८० अंश होते. ते दोन्ही काटकोन असू शकत नाहीत, कारण तसे झाले तर अब आणि अक सारखे येतात. मग त्यांतला एक लघुकोन आणि दुसरा विशालकोन ठरतो. लघुकोनाच्या बाजूचा लंब बाजूच्या आत पडतो आणि विशालकोनाच्या बाजूचा वाढवलेल्या भागावर. एक आत आणि एक बाहेर, हे दर वेळी ठरलेले. वरच्या उदाहरणात अम ८ आला, तो ६ आणि १० यांची सरासरी आहे. तसे सगळ्याच त्रिकोणांत असते. दोन असमान संख्यांची सरासरी लहानीपेक्षा मोठी आणि मोठीपेक्षा लहान असणारच, म्हणून अम आणि अन ही समान अंतरे आखूड बाजूच्या टोकापलीकडे जातात आणि लांब बाजूच्या टोकाअलीकडे थांबतात.

अचूक आकृती इथे उपयोगी पडली असती, ही गोष्ट नोंदवायला हवी. कंपास आणि पट्टीने नीट काढून पाहणाऱ्याला प बाहेर गेलेला लगेच दिसला असता आणि खोटी सिद्धता त्या क्षणी संशयास्पद झाली असती. आकृतीने काही सिद्ध होत नाही, पण ती शंका उपस्थित करू शकते, आणि चांगली काढलेली आकृती योग्य ठिकाणी शंका उपस्थित करते. एसएटीसारख्या परीक्षेत, जिथे आकृती मापानुसार असल्याची हमी आहे, तिथे उघड विशालकोन दिसत असताना ४० अंशांचा पर्याय खोडून टाकणे अगदी रास्त आहे.

क्रमाबद्दलची ही ढिलाई फक्त विद्यार्थ्यांची नव्हती. युक्लिडने भूमितीतल्या चुकीच्या युक्तिवादांवर एक वेगळा ग्रंथ लिहिला होता असे प्रोक्लस सांगतो. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण युक्लिडच्या उपलब्ध ग्रंथातही आकृतीवर विसंबल्याच्या जागा आहेत, आणि त्यांतली एक पहिल्याच प्रमेयात आहे. दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढण्यासाठी तो दोन्ही टोकांभोवती एकेक वर्तुळ काढतो आणि ती वर्तुळे जिथे छेदतात तो बिंदू तिसरा शिरोबिंदू म्हणून घेतो. वर्तुळे छेदताना दिसतात. पण ती छेदलीच पाहिजेत असे त्याच्या कोणत्याही गृहीतकातून निघत नाही. एकोणिसाव्या शतकात गणितींनी या जागा एकेक करून शोधल्या. मॉरिट्झ पाश यांनी १८८२ साली एक बिंदू दोन बिंदूंच्या मध्ये असणे म्हणजे काय याची स्वतंत्र गृहीतके मांडली. त्रिकोणाच्या एका बाजूतून आत शिरलेली रेषा शिरोबिंदूतून जात नसेल तर उरलेल्या दोन बाजूंपैकी एकीतून बाहेर पडतेच, हे डोळ्यांना उघड वाटणारे विधानही त्यांना गृहीतक म्हणून लिहावे लागले. १८९९ साली डेव्हिड हिल्बर्ट यांनी भूमितीच्या पायाभूत तत्त्वांवरच्या आपल्या पुस्तकात क्रमाच्या गृहीतकांना वेगळा गटच दिला.

त्या कामाची खूण महाराष्ट्राच्या नववीच्या भूमितीत आजही भेटते. तिथे दरम्यानता हा घटक आहे. पहिल्या दोन बिंदूंमधले आणि पुढच्या दोन बिंदूंमधले अंतर मिळून टोकाच्या बिंदूंमधले अंतर होत असेल, तर मधला बिंदू त्या दोघांच्या दरम्यान आहे, आणि ते अ-ब-क असे आडव्या रेघांनी लिहायचे. विद्यार्थ्यांना हा भाग बहुतेक वेळा निरर्थक वाटतो, कारण आकृतीत दिसतच असते. पण वरच्या खोट्या सिद्धतेत अ-म-ब असे लिहायची सक्ती केली असती आणि त्याचे कारण मागितले असते, तर सिद्धता तिथेच अडली असती.

रचनेच्या उदाहरणांत कच्ची आकृती काढायची जी पद्धत आहे, ती या सगळ्यासाठी चांगला आधार आहे. कच्च्या आकृतीत मापे बरोबर नसतात आणि तसे अपेक्षितही नसते. दिलेली माहिती कुठे कुठे बसते, एवढेच ती दाखवते. छापील आकृती असलेल्या प्रश्नातही ती बाजूला ठेवून पक्षात दिलेल्या गोष्टींवरूनच स्वतःची कच्ची आकृती काढावी, आणि मग मुद्दाम दुसरी काढावी, पहिलीहून जितकी वेगळी करता येईल तितकी. कोन दिलेला नसेल तर एकदा लघुकोन आणि एकदा विशालकोन घ्यावा. बाजू समान असल्याचे सांगितले नसेल तर एक दुप्पट लांब करावी. छेदनबिंदू एकदा आत आणि एकदा बाहेर ठेवून पाहावा. दिलेली माहिती न मोडता जे बदलू शकले, ते उत्तरात वापरता येत नाही. जे कितीही ताणले तरी बदलले नाही ते बहुधा खरे असते, पण त्याचेही कारण लिहावे लागते : ते पक्षात दिले आहे का, रचनेतून आले का, की एखाद्या प्रमेयातून?

या कसोटीने एक असा प्रश्नही पकडता येतो, ज्याची आकृती काढूच नये. काटकोन त्रिकोणाचा कर्ण १० आहे, काटकोनाच्या शिरोबिंदूपासून कर्णावर टाकलेला लंब ६ आहे, तर क्षेत्रफळ किती? कागदावर असा त्रिकोण सहज काढता येतो, बाजूंना १० आणि ६ हे आकडे लिहिता येतात, आणि पाया गुणिले उंची याचे अर्धे करून ३० हे उत्तर मिळते. पण कर्ण हा त्रिकोणाच्या परिवर्तुळाचा व्यास असतो आणि काटकोनाचा शिरोबिंदू त्या वर्तुळावर असतो. वर्तुळाची त्रिज्या ५, म्हणून तो शिरोबिंदू कर्णापासून ५ पेक्षा दूर जाऊच शकत नाही. बीजगणितानेही हेच निघते. काटकोनाच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज १०० आणि त्यांचा गुणाकार ६०, तर त्यांच्या फरकाचा वर्ग १०० वजा १२०, म्हणजे उणे २०. कोणत्याही दोन लांबींच्या फरकाचा वर्ग ऋण येत नाही. कागदावर ज्याची आकृती काढली, तो त्रिकोण अस्तित्वात नाही.